प्रथिनाची घडी, बफर आणि एक मिलिमीटरची कुपी

सर्क्युलर डायक्रोइझम या तंत्रात प्रथिनाच्या द्रावणातून वर्तुळाकार ध्रुवित अतिनील प्रकाश सोडतात. त्याची दिशा आलटून पालटून डावी आणि उजवी होत असते. ॲमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध 190 ते 240 नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शोषतात. साखळी घडी घालून बसली की हे बंध एकमेकांच्या संदर्भात ठरावीक कोनांत येतात आणि डावा व उजवा प्रकाश किंचित वेगवेगळ्या प्रमाणात शोषला जातो. उपकरण हा फरक मिलिडिग्रीमध्ये नोंदवते.

अल्फा मळसूत्राचा आलेख चटकन ओळखू येतो: 222 आणि 208 नॅनोमीटरला दोन दऱ्या, 192 जवळ उंच शिखर. बीटा पट्ट्यांना 218 च्या आसपास एकच उथळ दरी आणि 195 जवळ शिखर असते. विस्कळीत साखळीची दरी मात्र 200 च्या खाली, साधारण 195 ते 198 ला पडते. मळसूत्राचा अंदाज 222 वरूनही येतो, पण बीटा पट्टी आणि विस्कळीत भाग वेगळे काढायचे तर 200 च्या खालची नोंद विश्वासार्ह हवी. बफर नेमके तिथेच आडवे येते.

मायोग्लोबिन नेहमीच्या फॉस्फेट सलाइनमध्ये विरघळवले आणि 1 मिलिमीटर जाडीच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये ठेवले, तर 222 ची दरी छान दिसते. पण साधारण 200 च्या खाली क्लोराइड आयन स्वतःच इतका प्रकाश शोषतात की संवेदकापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. उपकरण मग संवेदकाचे व्होल्टेज वाढवत जाते. ते 600-700 व्होल्टच्या वर गेल्यावरही रेषा उमटत राहते, पण त्या रेषेला प्रथिनाशी देणेघेणे उरत नाही. म्हणून व्होल्टेजचा आलेख मूळ आलेखाशेजारी ठेवूनच पाहावा आणि मर्यादा ओलांडली तिथून पुढची नोंद सरळ कापून टाकावी.

उपाय बफर बदलण्याचा आहे. 10 मिलिमोलर फॉस्फेट बहुतेक प्रथिनांना चालते. क्षारांची गरज असेल तर सोडियम क्लोराइडऐवजी सोडियम फ्लोराइड किंवा सल्फेट वापरतात. फ्लोराइड आम्लधर्मी द्रावणात मात्र टाळावे, कारण तिथे तयार होणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल विषारी असते आणि क्वार्ट्झही खाते. निकेल स्तंभावरून आलेल्या प्रथिनात उरलेले इमिडाझोल तर 220 च्या आसपासच मोजणी बंद पाडते, म्हणून ते डायलिसिसने काढावे लागते. डायलिसिसचेच बाहेरचे द्रावण कोरी नोंद घेण्यासाठी वापरणे उत्तम.

प्रथिनाला क्षार सोडवतच नसतील तर क्युव्हेट पातळ करावी. 1 मिलिमीटरमध्ये 0.2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रथिन जो संकेत देते, तोच 0.1 मिलिमीटरमध्ये 2 मिलिग्रॅमने मिळतो, कारण प्रकाशाच्या वाटेत येणारे प्रथिन तेवढेच राहते. बफर मात्र दाट केलेले नसते, त्यामुळे त्याचे शोषण दहापटीने घटते. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. प्रथिन दाट झाल्यावर त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. शिवाय उघडता येणाऱ्या पातळ क्युव्हेटची जाडी छापलेल्या आकड्याइतकी असेलच असे नाही, 0.1 मिलिमीटरमध्ये 10 मायक्रॉनचा फरक म्हणजे 10 टक्के चूक. रिकाम्या क्युव्हेटच्या वर्णपटात उमटणाऱ्या व्यतिकरणाच्या लाटा मोजून खरी जाडी काढता येते, आणि ती काढायलाच हवी.

आता हिशेब. घोड्याच्या मायोग्लोबिनमध्ये 153 ॲमिनो आम्ले आहेत. साखळीचे वजन 16,951 भागिले 152 पेप्टाइड बंध, म्हणजे 111.5. समजा 0.2 मिलिग्रॅम आणि 0.1 सेंटिमीटरला, कोरी नोंद वजा केल्यावर, 222 वर −45 मिलिडिग्री मिळाले. −45 ला 111.5 ने गुणून, 10, 0.1 आणि 0.2 यांच्या गुणाकाराने भागले की सुमारे −25,100 येते. प्रचलित ठोकताळ्यात पूर्ण मळसूत्राला −36,000 आणि मळसूत्र नसलेल्या साखळीला +3,000 धरतात. त्यानुसार मळसूत्राचा वाटा 72 टक्के निघतो. स्फटिकरचनेत तो तीन चतुर्थांशांच्या आसपास आहे, म्हणजे अंदाज चांगला जुळतो. पण खरी संहती 0.17 असताना 0.2 धरली, तर वाटा 83 टक्क्यांऐवजी 72 दिसेल. मायोग्लोबिनमध्ये हीमही 280 ला प्रकाश शोषते, म्हणून त्याची संहती हीमच्या 409 नॅनोमीटरजवळच्या शिखरावरून काढणे चांगले. 222 आणि 208 च्या दऱ्यांचे गुणोत्तर संहतीवर किंवा जाडीवर अवलंबून नसते. ते ओळखीचे येऊनही टक्केवारी विचित्र निघाली, तर संशय आधी या दोन आकड्यांवर घ्यावा.

डायक्रोवेब किंवा बेस्टसेलसारख्या संगणकीय सेवा एका तरंगलांबीऐवजी संपूर्ण आलेख ज्ञात रचनांच्या प्रथिनांशी ताडून पाहतात. बीटा पट्ट्यांचे पीळ निरनिराळे असल्याने त्यांचा अंदाज मळसूत्राइतका पक्का नसतो. बेस्टसेल खास या अडचणीसाठी रचलेली आहे. कोणतीही पद्धत वापरली तरी हाती येते ती सरासरी. सगळे रेणू अर्धे मळसूत्र असोत किंवा निम्मे रेणू पूर्ण मळसूत्र आणि निम्मे विस्कटलेले असोत, 222 ची दरी जवळपास तेवढीच खोल दिसते.