साभार परत आलेल्या कथेला पोचपावती

‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लिहीत त्या पत्रांविषयी अजूनही बोललं जातं. कथा कुठे सैल पडली, कुठलं पात्र हातातून निसटलं, हे ते सविस्तर कळवत. आजही दिवाळी अंकाच्या धामधुमीत असं लिहिणारे संपादक आहेत. कमी आहेत, पण आहेत. प्रश्न पुढचा आहे: अशा नकारावर लेखकानं काय लिहावं?

बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. नकाराला कसले आभार, असं वाटतं. काही जण मात्र लगेच लिहितात आणि तिथेच फसतात.

समजा, एका नव्या लेखिकेची कथा परत आली. संपादकांनी लिहिलंय, ‘आत्याचं घर सोडण्यापर्यंत कथा उत्तम चालते, शेवटच्या दोन पानांत निवेदक सगळं स्वतःच समजावून सांगतो. या अंकात घेता येणार नाही.’ तिच्या पहिल्या मसुद्यात आभाराचं एक वाक्य आणि ती दोन पानं का गरजेची आहेत याची सात वाक्यं होती. शेवटी, ‘बदल करून परवा पाठवू का?’ म्हणजे संपादकांना दुसऱ्यांदा नकार कळवण्याचं काम.

दोन दिवसांनी तिनं ते खोडून एवढंच लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. कथा परत करताना आपण सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपलं पत्र वाचून शेवटची दोन पानं बाजूला ठेवली आणि कथा पुन्हा वाचली. आत्या कुलूप लावते तिथेच ती संपते, हे मलाही दिसलं. अंकाच्या गडबडीत आपण वेळ काढलात. या पत्राला उत्तराची तसदी घेऊ नये.’

यातलं वजनदार वाक्य कुलपाचं आहे. ‘आपलं मार्गदर्शन मोलाचं’ असं कुणालाही लिहिता येतं. पत्र खरंच वाचलं गेलं, हे त्या कुलपावरून कळतं. शेवटच्या वाक्यानं संपादक मोकळे होतात.

मुद्दा पटला नसता तर? न पटलेलं पटल्यासारखं लिहू नये. दिलेल्या वेळाचे आभार मानावेत, वाद मनात ठेवावा. उशीर झाला म्हणूनही थांबू नये. महिन्यानं आलेलं पत्रसुद्धा चालतं, फक्त त्यात उशिराची लांबलचक कारणं नकोत.

सुधारलेली कथा मात्र या पत्रासोबत जोडू नये. ‘पुन्हा पाठवा’ असं संपादकांनी स्वतः लिहिलं असेल, तर ती स्वतंत्र पत्रासह, सावकाश पाठवावी. तसं लिहिलं नसेल, तर पुढच्या वेळी नवी कथा पाठवावी.