बाबाची अंगाई

पहिलटकरीण आईइतकाच नवखा असतो पहिल्यांदा झालेला बाबा. केंद्र सरकारी नोकरीत असेल, तर पितृत्व रजा १५ दिवसांची. ती संपायच्या आदल्या रात्री लेकीसाठी लिहिलेल्या चार ओळी अशा असू शकतात:

नीज नीज माझ्या बाळे
दिवा केला बारीकसा
उद्या नेतो कामावर
खांद्यावर दूधठसा

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच मोजायचं. चार अक्षरांनंतर किंचित थांबा येतो: ‘नीज नीज’ म्हणताना पाळणा पुढे, ‘माझ्या बाळे’ म्हणताना मागे. ‘बारीकसा’ आणि ‘ठसा’ या यमकाने कडवं मिटतं.

हुरहूर शेवटच्या ओळीत आहे. तिथे ‘मला जायचं नाही’ अशी तक्रार नाही. बाळाने ढेकरासोबत खांद्यावर काढलेल्या दुधाचा डाग तेवढा आहे. दुःख थेट सांगितलं की अंगाईचं गाऱ्हाणं होतं.

चाल जमली का, हे कागदावर कळत नाही. बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत गुणगुणावं. पाऊल अडखळलं किंवा एखादी ओळ घाईने उरकावी लागली, तर तिथलं अक्षर जास्त झालंय. ते काढून टाकावं.