दात पांढरे, पण दातांसारखे

लग्नाचा अल्बम हातात पडतो आणि नवरीच्या हसण्याकडे बघताना काहीतरी खटकतं. चेहरा तिचाच, हसू तिचंच, पण दात मात्र ट्यूबलाइटसारखे पेटलेले. संगणकावर दात उजळताना हे नेमकं कुठे बिघडतं, हे समजण्यासाठी आधी दात पाहावा लागतो.

निरोगी दात पांढराशुभ्र नसतोच. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन पिवळसर. त्यामुळे हिरडीजवळ, जिथे इनॅमल पातळ असतं, तिथे पिवळेपणा जास्त दिसतो. चावणाऱ्या कडेला डेंटिन नसल्याने किंचित निळसर-राखाडी झाक येते. सुळे समोरच्या दातांपेक्षा गडद असतात. दंतवैद्य कृत्रिम दाताचा रंग जुळवताना वापरतात त्या व्हिटाच्या प्रचलित पट्टीत १६ छटा आहेत आणि त्यातली सर्वांत उजळ छटाही कागदाइतकी पांढरी नसते.

त्यात भर पडते ती जागेच्या उजेडाची. समजा, महाड तालुक्यातल्या तुडील गावात एका घराच्या पडवीत दुपारी फोटो काढला. अंगणातल्या तांबड्या मातीवरून उसळलेला उजेड खालून वर येतो, हनुवटीखाली आणि दातांवर पडतो. ओले, गुळगुळीत दात तो रंग लगेच पकडतात. शिवाय शालू लाल किंवा पिवळा असेल, अंगाला हळद लागलेली असेल, तर दात आहेत त्याहून पिवळे दिसणारच. म्हणून पहिलं काम दातांचं नाही, सगळ्या फोटोच्या व्हाइट बॅलन्सचं. पांढरा सदरा किंवा चुन्याची भिंत फोटोत असेल, तर ती नीट पांढरी दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स बदलत राहावा. पुष्कळदा अर्धं काम इथेच होतं.

उरलेल्या पिवळेपणासाठी फोटोशॉपमध्ये Hue/Saturation चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्यायचा आणि यादीतून Yellows निवडायचं. इथे एक अडचण येते. पडवीतल्या त्या फोटोत सुळ्याचा रंग लाल २०६, हिरवा १८६, निळा १४८ असा असेल, तर तो शुद्ध पिवळा नाही, नारिंगीकडे झुकलेला आहे. म्हणून ड्रॉपरने दातावरच क्लिक करून पट्टा त्या रंगावर आणावा. मग Saturation हळूहळू उणे ४०–५० पर्यंत न्यावं. आकडे साधारण १९४, १८२, १६० होतील. लाल आणि निळ्यातलं अंतर ५८ वरून ३४ वर आलं, म्हणजे पिवळेपणा कमी झाला. पण ते शून्य झालं नाही, आणि होऊही नये. शून्य झालं की दात राखाडी, खडूसारखा दिसतो.

आता नीट पाहा: लाल आकडा २०६ वरून १९४ वर घसरला आहे. रंग काढला की दात थोडा मळकट भासतो. घाईतला माणूस इथेच Lightness ओढतो आणि सगळा दात एकाच पांढऱ्या रंगाने भरतो. खरं तर उजेड वेगळ्या Curves लेयरवर अगदी थोडा चढवायचा, दहाएक अंकांनी. मर्यादा डोळ्यांत शोधावी. डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा सर्वांत उजळ ठिपका या फोटोत २१२ च्या आसपास असेल, तर दात त्याच्या खालीच राहिले पाहिजेत.

दोन्ही लेयरचे मास्क Ctrl+I ने काळे करून, मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त दात उघडावेत. लाल हिरड्या पिवळ्याच्या पट्ट्यात सहसा येत नाहीत, पण ओठांच्या कडेची कातडी येते, आणि ब्रश तिथे घसरला की ती मेलेल्या माणसासारखी फिकी पडते. ओठांच्या कोपऱ्याकडे जाताना ब्रशची Opacity निम्म्यावर आणावी. तिथले दात सावलीत असतात, ती सावली पुसली की तोंडाची खोली जाते आणि दात एका सपाट पट्टीसारखे दिसतात. दातांमधल्या फटी आणि ओलसर चमकेचे ठिपकेही तसेच ठेवावेत.

मिश्री किंवा पानाचे डाग या युक्तीने जात नाहीत. ते काळपट-तपकिरी असतात, त्यांच्यात काढायला पिवळा रंग फारसा नसतो. ते घालवायचे तर दातच नव्याने रंगवावा लागतो. माझ्या मते विचारल्याशिवाय ते करू नये. आजीच्या फोटोत तिचे दात तिचेच असावेत.

शेवटी फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा लहान करून पाहावा. नजर आधी डोळ्यांवर न जाता दातांवर गेली, तर दोन्ही लेयरची Opacity १०–२० टक्क्यांनी उतरवावी. अल्बम छापायला जाण्याआधी फोटोग्राफरकडे एवढी एक तपासणी नक्की मागा. छापल्यावर दात परत पिवळे करता येत नाहीत.