मोदकाचा व्हिडिओ चतुर्थीच्या आधी सहा आठवडे

उकडीच्या मोदकांचा शोध गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी शिखराला पोचतो आणि मोदक खाऊन झाले की लगेच उतरतो. त्या दोन दिवसांत यूट्यूबवर वर दिसायचे असेल, तर व्हिडिओ आधीपासून तिथे हवा. नवा व्हिडिओ शोधात नोंदवला जायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याची पत ठरायला. तो कोणत्या शोधाला लागू पडतो, लोक तो उघडतात का, उघडला तर कितपत पाहतात, हे यंत्रणेला प्रेक्षकांच्या वागण्यावरूनच कळते. आदल्या रात्री प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओला ही संधी मिळत नाही.

पहिली चूक होते ती तारखेत. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षीच्या आलेखावर इंग्रजी तारखांनी बोट ठेवून नियोजन करणाऱ्याचा हिशेब अठरा दिवसांनी चुकतो. म्हणून गूगल ट्रेंड्समध्ये वेब शोधाऐवजी यूट्यूब शोध निवडून मागची तीन-चार वर्षे पाहावीत आणि दिवस चतुर्थीपासून उलटे मोजावेत. तिथले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात. १०० म्हणजे त्या काळातला सर्वाधिक जोर. किती जणांनी शोधले, हे त्यावरून कळत नाही.

मोदकाच्या बाबतीत पंचांगानेच रंगीत तालमीची सोय करून ठेवली आहे. गणेश चतुर्थीच्या साधारण दोन आठवडे आधी श्रावणातली संकष्टी येते आणि त्याच्या महिनाभर आधी आषाढातली. संकष्टीच्या नैवेद्यासाठीही अनेक घरांत मोदक होतात. त्यामुळे व्हिडिओ आषाढातल्या संकष्टीच्या दोन-चार दिवस आधी, म्हणजे मुख्य सणाच्या सुमारे सहा आठवडे आधी प्रसिद्ध करावा.

शब्द निवडताना लोक प्रत्यक्षात काय टाइप करतात ते पाहावे. मराठी माणूस बोलतो मराठीत, पण फोनवर बऱ्याचदा रोमन लिपीत लिहितो. शोधपेटीत ‘ukadiche modak’ लिहून पुढे काय सुचवले जाते ते टिपावे, मग देवनागरीत तेच करावे. नुसत्या ‘modak recipe’ या शोधात मोठ्या, जुन्या वाहिन्यांशी गाठ पडते; तिथे नव्या वाहिनीचा निभाव लागणे कठीण. ‘मोदक फुटू नयेत म्हणून काय करावे’ असा नेमका प्रश्न विचारणारे कमी असतात, पण त्यांना उत्तर हवे असते आणि ते शेवटपर्यंत पाहतात. शीर्षक मग असे होऊ शकते:

```
उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून उकडीचे प्रमाण | Ukadiche Modak Recipe
```

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा असते आणि मोबाइलवर त्याचा शेवट कापला जातो, म्हणून मुख्य शब्द आधी. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत पिठाला पाणी किती, उकड किती वेळ झाकायची, हे सरळ वाक्यांत लिहावे. टॅगवर रात्र जागवू नये. शोधात त्यांचा वाटा अगदी थोडा असून लोक सर्रास चुकीचे लिहितात अशा शब्दांपुरतेच ते कामाचे. वर्णनात टॅगची रास ओतणे तर यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे.

आषाढातली संकष्टी उलटली की स्टुडिओच्या विश्लेषणात `YouTube search` खाली लोक कोणते शब्द लिहून आले ते पाहावे. समजा, ‘फुटू नये’पेक्षा ‘मोदक पीठ प्रमाण’ असे शोधून जास्त लोक आले, तर ‘प्रमाण’ शीर्षकात पुढे आणावे. व्हिडिओ पुष्कळांना दिसला पण थोड्यांनीच उघडला, तर दोष शीर्षकात किंवा लघुचित्रात आहे. तो फारसा दिसलाच नाही, तर शब्द जुळत नाहीत किंवा स्पर्धा भारी आहे. पूर्ण शीर्षक शोधूनही तो सापडत नसेल, तर तो `Private`, `Unlisted` किंवा `Scheduled` राहिला आहे का ते आधी तपासावे. वेळ लावून ठेवलेला व्हिडिओ त्या वेळेपर्यंत खासगीच असतो. नुसता आधी चढवून ठेवल्याने शोधात काहीच फायदा होत नाही. दुरुस्ती श्रावणातल्या संकष्टीपूर्वी उरकावी. शेवटच्या आठवड्यात रोज शीर्षक बदलत बसले, तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळायला मार्ग उरत नाही.

सण संपल्यावर व्हिडिओ काढू नये आणि पुढच्या वर्षी तोच नव्याने चढवूही नये. नव्या दुव्यावर प्रेक्षकसंख्या पुन्हा शून्यापासून सुरू होते. जुन्या दुव्यावर मात्र शीर्षक आणि वर्णन हवे तेव्हा बदलता येते. म्हणूनच शीर्षकात साल न घातलेले बरे, आणि घातलेच तर पुढच्या आषाढात ते बदलायला विसरू नये.