सोडलेली कार्ट, परत आलेली ऑर्डर
ऑनलाइन दुकानाचा हिशेब : लेखांक सातवा

जाहिरातीचा डॅशबोर्ड ऑर्डरचं श्रेय कसं वाटून देतो, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्यातला एकच आकडा घेऊ. छोट्या दुकानदाराला सगळ्यात जास्त भुलवणारा हा आकडा म्हणजे 'रिकव्हर्ड ऑर्डर'. गिऱ्हाइकानं कार्टमध्ये माल टाकला, पैसे न भरता ते निघून गेलं, मग त्याला फेसबुक-इन्स्टाग्रामवर त्याच मालाची जाहिरात दिसली आणि त्यानं ऑर्डर पूर्ण केली. डॅशबोर्ड म्हणतो, ही ऑर्डर जाहिरातीनं परत आणली. खरंच आणली का?

मनीषनगरातलं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. दुकान काल्पनिक आहे आणि त्याचे आकडेही हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण अशा प्रकारची घरगुती दुकानं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. बेसा रोडकडच्या एका फ्लॅटमधून एक बाई सावजी मसाला आणि संत्रा बर्फी विकतात. स्वतःची वेबसाइट आहे, माल नागपुरात स्कूटरवर आणि बाहेरगावी कुरिअरनं जातो. सरासरी ऑर्डर ६५० रुपयांची. कच्चा माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता त्यातले २२७ रुपये हातात उरतात. सहा आठवड्यांत ४,००० जणांनी मोबाइल नंबर टाकून कार्ट भरली आणि अर्ध्यावर सोडली. यात घाबरण्यासारखं काही नाही. डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटनं वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरीही सुमारे ७० टक्के कार्ट सोडल्या जातात असंच सांगते.

या ४,००० जणांनी कार्ट का सोडली, हे आधी बघायला हवं, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. काहींचं यूपीआय पेमेंट अडकलं, ते दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करणारच होते. काहींना फक्त कुरिअरचा खर्च बघायचा होता, आणि तो कार्टच्या शेवटच्या पानाशिवाय दिसत नाही. कुणी ऑफिसात असताना फोनवर माल निवडला, घरी जाऊन बायकोला किंवा आईला विचारून मागवायचं ठरवलं. मिहानमध्ये नोकरी करणारी कितीतरी कुटुंबं या भागात राहतात. महिन्याच्या २५ तारखेला भरलेली कार्ट पगार झाल्यावर १ तारखेला पूर्ण होणं तिथे अगदी स्वाभाविक आहे. या सगळ्यांना आपण 'सोडून गेलेले' म्हणतो, पण त्यातले बरेच जण नुसते थांबलेले असतात. कार्ट भरणारा माणूस हा दुकानात येणाऱ्यांपैकी खरेदीच्या सगळ्यात जवळ पोचलेला माणूस असतो. जाहिरात मात्र नेमकी त्यालाच दाखवली जाते.

यात जाहिरात कंपनीच्या यंत्रणेची भर पडते. तुम्ही 'खरेदी' हे उद्दिष्ट निवडलंत की ती यंत्रणा यादीतल्या ज्या लोकांनी खरेदी करण्याची शक्यता जास्त आहे, त्यांना आधी गाठते. शिवाय मोजणीच्या मेटाच्या नेहमीच्या पद्धतीत, जाहिरातीवर क्लिक केल्यानंतर सात दिवसांत किंवा जाहिरात नुसती नजरेसमोरून गेल्यानंतर एका दिवसात झालेली खरेदी जाहिरातीच्या खात्यात जमा होते. रात्री पगार जमा झाला, सकाळी इन्स्टाग्राम चाळताना जाहिरात सरकून गेली, दुपारी ऑर्डर दिली, तर श्रेय जाहिरातीला. म्हणून 'जाहिरात पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांपेक्षा किती जास्त खरेदी केली' ही तुलनाही उपयोगाची नाही. पाहिलेले लोक मुळातच वेगळे असतात. 'जाहिरात सुरू करण्याआधीचा महिना आणि नंतरचा महिना' ही तुलनाही फसते, कारण मध्ये दिवाळी आली की बर्फीची मागणी जाहिरातीशिवायच वाढते.

उपाय एकच आहे आणि तो जाहिरात दाखवण्याच्या आधी करावा लागतो : काही लोकांना चिठ्ठ्या टाकून वगळायचं. आपल्या दुकानात ते असं करता येईल. कार्ट सोडली की वेबसाइट तिला क्रमांक देते. सम क्रमांकाची पहिली कार्ट असलेलं गिऱ्हाईक आठवणीच्या गटात, विषम क्रमांकाचं वगळलेल्या गटात. माणूस एकदा ज्या गटात गेला त्याच गटात राहील, पुढच्या वेळी क्रमांक कोणताही आला तरी. ओळख मोबाइल नंबरावरून ठेवायची. ब्राउझरवरून ठेवली तर फोनवर कार्ट भरून लॅपटॉपवर पैसे भरणारा माणूस दोन्ही गटांत शिरतो. मग जाहिरातीसाठी मेटाला द्यायची यादी फक्त पहिल्या गटाची, आणि दुसऱ्या गटाची यादी 'यांना दाखवू नका' म्हणून लावायची.

मोजताना एक शिस्त पाळावी लागते. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला जाहिरात दिसेलच असं नाही. काहींचे नंबर मेटाच्या खात्यांशी जुळत नाहीत, काही जण त्या आठवड्यात फेसबुक उघडत नाहीत. तरीही गट मोजायचा तो पूर्ण. 'ज्यांना दिसली तेवढेच घेऊ' असं म्हटलं की चिठ्ठ्या टाकल्याचा फायदा तिथेच संपतो. दोन्ही गटांना कार्ट सोडल्यापासून सारखेच दिवस द्यायचे, समजा १४. जाहिरात कधीकधी फक्त ऑर्डर लवकर आणते. तीन दिवसांनंतर मोजलं तर फरक मोठा दिसेल आणि चौदाव्या दिवशी तो विरलेला असेल. व्हॉट्सअॅपवरून आपोआप जाणारी आठवण असेल तर ती एकतर दोन्ही गटांना जाऊ द्यायची किंवा दोन्हींची बंद करायची. बऱ्याच चाचण्या इथेच नासतात : जाहिरात थांबवलेल्या गटाला तोच संदेश दुसऱ्या वाटेनं पोचलेला असतो.

आता आकडे. दोन्ही गट २,००० जणांचे. आठवणीच्या गटातून २६० ऑर्डर आल्या. डॅशबोर्ड त्यातल्या १९० आपल्या नावावर दाखवतो. जाहिरातीचा खर्च १२,००० रुपये, म्हणजे डॅशबोर्डच्या हिशेबानं एक ऑर्डर परत आणायला ६३ रुपये लागले आणि हाती उरले २२७. सौदा फारच छान वाटतो. पण ज्यांना एकही जाहिरात दाखवली नाही, त्या वगळलेल्या गटातूनही २२० ऑर्डर आल्या. म्हणजे जाहिरातीनं वाढवलेल्या ऑर्डर ४०. बाकी येणारच होत्या. खर्च या चाळीसांवर वाटला तर एका ऑर्डरला ३०० रुपये पडले, आणि २२७ रुपये मिळवण्यासाठी ३०० गेले. जाहिरातीत दहा टक्के सवलतीचा कूपन असता तर तोटा आणखी वाढला असता, कारण तो कूपन येणारच होते त्या गिऱ्हाइकांनीही वापरला असता.

इथे जाहिरात बंद करून मोकळं व्हावं असं वाटेल. पण घाई नको. ४० हा आकडा एकदाच चिठ्ठ्या टाकून आलेला आहे. चिठ्ठ्या वेगळ्या पडल्या असत्या तर पगाराची वाट बघणारे काही जण या गटातून त्या गटात गेले असते. गटांचा आकार आणि खरेदीचं प्रमाण धरून हिशेब केला तर खरा परिणाम साधारण ० ते ८० ऑर्डरच्या मध्ये कुठेही असू शकतो. शून्य असेल तर १२,००० रुपये पाण्यात गेले. ऐंशी असेल तर एक ऑर्डर १५० रुपयांना पडली आणि जाहिरात नफ्यात आहे. म्हणजे सहा आठवड्यांच्या या चाचणीनं डॅशबोर्डचे १९० खोटे ठरवले, पण जाहिरात चालू ठेवावी की नाही याचं उत्तर दिलं नाही. लहान दुकानांच्या बाबतीत हे फार वेळा होतं, आणि चाचणी विकणारे याविषयी फारसं बोलत नाहीत.

ही अनिश्चितता निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. आपल्या दुकानानं ती चाचणी २४ आठवडे चालवली आणि गट ८,००० चे झाले असं धरू. आठवणीच्या गटातून १,०४० ऑर्डर, वगळलेल्यातून ९२०. वाढीव १२०, आणि शक्यतेचा पल्ला साधारण ४० ते २००. खर्च ४८,०००. आता अगदी वरचं टोक, म्हणजे २०० ऑर्डर धरल्या तरी हाती ४५,४०० रुपये येतात. जाहिरात तिच्या सध्याच्या रूपात तोट्यात आहे, असं आता ठामपणे म्हणता येतं.

चाचणी सुरू करण्याआधी आठवडाभर दोन्ही गटांपैकी कुणालाच जाहिरात न दाखवता नुसतं मोजून बघावं. दोन्हीकडून जवळपास सारख्या ऑर्डर आल्या पाहिजेत. ठळक फरक दिसला तर विभागणीतच कुठेतरी गळती आहे.

मोठ्या प्रमाणावर केलेले अभ्यासही हीच दिशा दाखवतात. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमायर यांनी २०१७ मध्ये 'घोस्ट अॅड्स' ही पद्धत मांडली. वगळलेल्या माणसाला जाहिरात दाखवत नाहीत, पण 'याला आत्ता दाखवली गेली असती' अशी नोंद मात्र ठेवतात. त्यामुळे ज्यांच्यापर्यंत जाहिरात पोचलीच नसती ते दोन्हीकडून गाळता येतात आणि आकडा कमी हलतो. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या रिटार्गेटिंगवर त्यांनी ती वापरली, तेव्हा खरेदी १०.५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. परिणाम खरा आणि कामाचा होता. पण उलट बाजूनं वाचा : जाहिरात पाहिलेल्यांच्या दर ११० खरेदींपैकी सुमारे १०० तिच्याशिवायही झाल्या असत्या.

दुसरा अभ्यास आपल्या दुकानाला जास्त उपयोगी आहे. घरबांधणीचं सामान विकणाऱ्या बिल्डडायरेक्ट या कंपनीवर सहानी, नारायणन आणि कल्याणम यांनी केलेला तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रिटार्गेटिंगमुळे चार आठवड्यांत साइटवर परतणारे १४.६ टक्क्यांनी वाढले, आणि पहिल्या आठवड्यातल्या जाहिरातींचा जो परिणाम झाला त्यातला एक तृतीयांश पहिल्याच दिवसाचा होता. लोक साइटवरून जाऊन जितके दिवस होतील तितका जाहिरातीचा जोर ओसरतो.

म्हणून मनीषनगरच्या दुकानात मी जाहिरात सरसकट बंद करणार नाही. खर्चाचा मोठा भाग तिसऱ्या ते चौदाव्या दिवसावर जात असेल तर तो कापून जाहिरात फक्त पहिल्या दोन दिवसांपुरती ठेवीन, आणि तीच सम-विषम विभागणी पुन्हा चालवीन. खर्च एक तृतीयांशावर आला आणि वाढीव ऑर्डर निम्म्या जरी टिकल्या, तरी एक वाढीव ऑर्डर ४०० ऐवजी सुमारे २६७ रुपयांना पडेल. ती अजून २२७ च्या वरच आहे. तेव्हा त्यापुढची काटछाट पेमेंट अडकलेल्यांची : त्यांना जाहिरातीच्या यादीतून काढायचं आणि पैसे भरण्याची लिंक तेवढी पाठवायची.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत अजून धरलेली नाही. इथल्या ऑर्डरपैकी बऱ्याच कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात, आणि दारात पार्सल नाकारलं की जाण्या-येण्याचं भाडं दुकानावर बसतं. आठवण करून देऊन आणलेली ऑर्डर जास्त नाकारली जाते का, हेही याच दोन गटांतून दिसतं. अट एकच, दोन्हीकडे दिलेल्या ऑर्डर न मोजता पोचून पैसे मिळालेल्या ऑर्डर मोजायच्या. तो हिशेब पुढच्या आठवड्यात.