चावी फिरवल्यावर लागणारे दिवे

मोटरसायकलची किंवा स्कूटरची चावी फिरवली की मीटरमध्ये इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. काही गाड्यांत तो दोन-तीन सेकंदांनी विझतो, काहींत इंजिन सुरू झाल्यावर. हे लागणे म्हणजे बिघाड नव्हे. दिवा स्वतः शाबूत आहे, एवढेच त्यातून कळते. त्याच वेळी टाकीतून बारीक घूं असा आवाज येतो. तो टाकीतल्या फ्युएल पंपाचा असतो. नळीत दाब तयार करण्यासाठी पंप काही सेकंद चालतो आणि थांबतो. चावी फिरवूनही दिवा लागला नाही आणि आवाजही आला नाही, तर आधी हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे लाल बटण, मग फ्यूज आणि बॅटरी पाहावी.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधला कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेल्या फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. इंजिन किती तापले आहे, थ्रॉटल किती उघडले आहे, धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे त्याला सेन्सर कळवतात. एखाद्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीयू पिवळा दिवा पेटता ठेवतो. दिवा बोट दाखवतो ते त्या सर्किटकडे. सेन्सरच गेला असेल असे नाही. उंदराने कुरतडलेली वायर किंवा पाणी शिरलेला कनेक्टरही हेच दाखवतो, म्हणून महागडा सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर काढून, कोरडा करून पाहणारा मेकॅनिक खरा जाणकार.

दिवा पेटल्यावर गाडी चालवावी का, हे बिघाड कुठे आहे त्यावर अवलंबून असते. तापमानाचा सेन्सर बंद पडला तर ईसीयू एक ठरावीक आकडा गृहीत धरतो. गाडी चालते, पण पेट्रोल जास्त खाते आणि सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. क्रँकचा सेन्सर गेला तर ठिणगी कधी पाडायची हेच कळत नाही आणि इंजिन थांबते. गाडी आडवी पडल्यावर कलण्याचा सेन्सर इंजिन मुद्दाम बंद करतो. अशा वेळी गाडी उभी करून, पेट्रोल सांडलेले नाही ना हे पाहून, चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवावी लागते. काही गाड्यांत दिव्याची लुकलुक हाच कोड असतो. लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, अशा रीतीने तो मोजतात आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अर्थ पाहतात.

न्यूट्रलचा हिरवा दिवा गिअरबॉक्समधल्या एका साध्या स्विचवर चालतो. साइड स्टँडचा दिवा स्टँडच्या बिजागरीजवळच्या स्विचवर चालतो. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत हे दोन्ही स्विच इंजिनाशी जोडलेले असतात. स्टँड खाली असतानाही न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू राहते, गिअर टाकला की बंद पडते. स्कूटरला न्यूट्रल नसल्याने स्टँड खाली असेल तर ती सुरूच होत नाही.

पावसाळ्यातली एक नेहमीची तक्रार यातूनच येते. गाडी न्यूट्रलमध्ये झकास सुरू होते, पहिला गिअर टाकताच बंद पडते. प्लग बदलला, पेट्रोल बदलले, तरी तेच. मीटरकडे नीट पाहिले तर स्टँड वर घेऊनही त्याचा दिवा तेवतच असतो. बिजागरीत चिखल साचून स्विचची दांडी अडकलेली असते. पाण्याची हलकी धार, जुना टूथब्रश आणि स्टँड आठ-दहा वेळा वर-खाली करणे, एवढ्याने काम होते. तरीही दिवा विझला नाही तर स्विच बदलावा. तो कायमचा जोडून टाकण्याची गॅरेजमधली युक्ती मात्र घातक आहे. खाली राहिलेला स्टँड वळणावर रस्त्याला टेकला की गाडी उलटते, आणि स्विच असतो तो नेमके हे टाळण्यासाठीच.

पेट्रोलचा दिवा टाकीतल्या तरंगणाऱ्या गोळ्यावर चालतो. गोळा एका दांडीला बांधलेला असतो आणि पातळीबरोबर खाली येतो. गाडी साइड स्टँडवर कललेली किंवा घाटात चढावर असली की पेट्रोल एका बाजूला सरकते आणि दिवा आधीच लागतो किंवा लागलेला विझतो. खरी पातळी गाडी सपाट जागी सरळ उभी करून काही वेळाने पाहावी. जुन्या गाडीत कॉक रिझर्व्हला फिरवण्याची सोय होती. इंजेक्शनच्या गाडीत तसा वेगळा साठा नसतो, दिवा लागल्यावर टाकीत उरते तेच रिझर्व्ह. शिवाय फ्युएल पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळे. टाकी वारंवार कोरडी होऊ दिली की पंप तापतो, हवा ओढतो आणि लवकर झिजतो.