सोसायटीचा कारभार हाती देताना

गृहनिर्माण संस्थेत नवी समिती येते, तेव्हा जुना सचिव बहुधा कपाटाची किल्ली देऊन मोकळा होतो. खरी गरज असते ती दोन पानी टिपणाची.

समजा, लिफ्टच्या दुरुस्तीसाठी दिलेला 40,000 रुपयांचा चेक कंत्राटदाराने अजून वटवलेला नाही. पासबुकात ते पैसे शिल्लक दिसतात. नव्या सचिवाने ते रंगकामासाठी खर्चले, तर पुढच्या आठवड्यात चेक परत जातो. म्हणून टिपणात न वटलेल्या चेकचा क्रमांक, तारीख आणि रक्कम हवीच. चेक तीन महिनेच चालतो, हेही लक्षात ठेवावे.

बँकेत नव्या सह्या लागायला ठरावाची प्रत आणि केवायसी लागते. तोवर ओटीपी जुन्या सचिवाच्याच मोबाइलवर जातो. वीजबिलाच्या खात्याचेही तेच. कोणता नंबर कुठे जोडला आहे, हे लिहिलेले नसेल तर शोधण्यात आठवडे जातात.

संपर्कांत लिफ्ट, पंप आणि लेखापरीक्षक पुरेत.

जोखमीच्या तारखा मात्र ठळक लिहाव्यात: अग्निशमन यंत्रणेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत. शेवटी दोघांनी कागदपत्रांची यादी पडताळून तारखेसह सह्या कराव्यात.